ठसका लागत नाही, म्हणून

काल तुझ्या क्वार्टरवर आले तेव्हा सगळ्यांसमोर काही बोलले नाही. तू मामंजींना भरवत होतीस आणि मध्येच माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघ ताई, आता कसे नीट खातात, एकदाही ठसका लागला नाही." लकवा येऊन गेल्यापासून तीन आठवड्यांनी तुझ्या तोंडावर पहिल्यांदा हसू दिसलं होतं. ते घालवायचं माझ्या जिवावर आलं. आणि मामंजी समजून ऐकत होते. स्टील प्लांटमध्ये आयुष्यभर शिफ्टा केलेल्या माणसासमोर त्याच्या गिळण्यावर चर्चा करणं मला बरं वाटलं नाही.

पण रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी तुला फोन करून एवढंच सांगितलं की आज दुपारीच त्यांना दवाखान्यात ने, छाती तपासून घे, एक्स-रे काढायला सांग. तू घाबरलीस. का ने म्हटलं ते आता सावकाश सांगते.

काल मी तीन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे ते पलंगावर होते, डोक्याखाली दोन उशा आणि अंग खाली घसरलेलं, म्हणजे पाठ जवळजवळ आडवी आणि मान मात्र वाकलेली. दुसरं, वाटीत बासी होती. त्यांना आवडते, उन्हाळ्यात पोट थंड राहतं, हे मला मान्य आहे, पण बासीचं पुढे सांगते. तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. चार-पाच घास झाल्यावर ते "पुरे" म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज ओला होता. नळाच्या तोंडाशी पाणी अडकल्यावर बुडबुड येते ना, तसा. आणि निघताना तू सहज म्हणालीस की रोज संध्याकाळी अंग जरा कोमट लागतं, नव्व्याण्णव, कधी शंभर, लकव्यानंतर असतं म्हणे तसं.

अगं, लकव्यानंतर तसं "असत" नाही. ओला आवाज आणि संध्याकाळची कणकण एकत्र दिसली, की पहिला संशय घ्यायचा तो अन्नपाणी छातीत उतरत असल्याचा.

आपलं गिळणं म्हणजे रेल्वेचं फाटक आहे असं समज. घशात एकाच ठिकाणाहून श्वासही जातो आणि घासही. घास मागे आला की श्वासनळीवरचं फाटक पडतं, श्वास क्षणभर थांबतो, घास मागच्या अन्ननळीत जातो आणि फाटक पुन्हा उघडतं. सेकंदभरात सगळं उरकतं, म्हणून आपल्याला कळतही नाही. लकव्यात हे फाटक उशिरा पडतं किंवा अर्धवट पडतं. जीभही एका बाजूने लुळी असते, त्यामुळे घास गोळा होत नाही, थोडा थोडा आधीच मागे सांडतो. लकवा आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना सुरुवातीच्या दिवसांत हा त्रास होतोच. बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत सुधारतो, काहींचा राहतो.

आता ठसक्याचं. तुझ्यामाझ्या श्वासनळीत भाताचं एक शीत गेलं तरी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकला येतो, कारण तिथली त्वचा जागी असते. लकव्यात ती बधिर होऊ शकते. मग चहाचा घोट सरळ छातीत उतरला तरी माणूस शांत बसून राहतो. डॉक्टर याला सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतात, म्हणजे मुकाट्याने छातीत उतरणं. म्हणून "ठसका लागत नाही" यावर विसंबू नकोस. ठसका लागणाऱ्याला निदान राखण आहे. न लागणाऱ्याचं आपल्यालाच बघावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या लेकावर शिकले. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे हे कळलं तेव्हा तो वर्षाचा होता, आणि दोन वर्षांचा होईतो एका पावसाळ्यात तीनदा न्यूमोनिया झाला. प्रत्येक वेळी औषध, वाफ, घरी, पुन्हा ताप. आम्ही हवेला दोष दिला, प्लांटच्या धुराला दिला, फरशीच्या गारव्याला दिला. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी वेगळाच प्रश्न विचारला, "तुम्ही याला भरवता कसं, ते मला इथं करून दाखवा." मी त्याला मांडीवर आडवा घेतला, डोकं कोपरावर मागे टाकलं आणि बोंडल्याने वरून पेज सोडली. आपल्या आईने आपल्याला पाजलं तसंच. तो मागे ताठ झाला, मान उलटी पडली, आणि मी म्हटलं, "बघा, असा हट्ट करतो."

तो हट्ट नव्हता. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांचं अंग मागे टेकलं, मान मागे गेली की धनुष्यासारखं ताणतं. आणि मान मागे गेली की श्वासनळीची वाट सरळ मोकळी होते. बेशुद्ध माणसाला श्वास देताना मान मागे करतात ती त्यासाठीच. मी रोज तीनदा माझ्या लेकाची श्वासनळी उघडून तिच्यात पेज ओतत होते.

त्या बाईंनी त्याला माझ्या समोर, छोट्या खुर्चीत बसवला. कमरेत काटकोन, गुडघ्यात काटकोन, पाय लोंबते नाहीत तर खाली पाटावर टेकलेले, दोन्ही हात पुढे ट्रेवर, मान मधोमध आणि हनुवटी अगदी किंचित खाली. कंबर वाकलेली राहिली की अंगाचा ताठरपणाच कमी होतो. हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी माझा अंगठा त्याच्या हनुवटीवर, पहिलं बोट जबड्याच्या कडेला आणि मधलं बोट हनुवटीखाली ठेवायला शिकवलं, म्हणजे तोंड मिटायला आधार मिळतो. चमचा सपाट, प्लास्टिकचा. तो समोरून, खालून आणायचा, जिभेच्या मध्यावर जरा दाबायचा आणि त्याने ओठ मिटले की सरळ बाहेर काढायचा. वरच्या दातांना घासून घास सांडायचा नाही. चमचा दातांत धरून ठेवला तर ओढायचा नाही, त्याची पकड सुटेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी वाटीभर पेजेला पन्नास मिनिटं लागली आणि तो दमला. मग बाई म्हणाल्या, अर्ध्या तासात उरकत नसेल तर थांबा, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. दमलेला घसा नीट गिळत नाही.

मुलामुलांत फरक असतो, कुणाला जरा मागे टेकवूनच बरं जमतं, म्हणून पाहून ठरवणारं माणूस लागतं. पण मान उलटी टाकून कुणालाच भरवायचं नाही.

आता मामंजींचं. त्यांना पलंगावर नको, हातांच्या खुर्चीत बसव. कंबर पार मागे टेकलेली, पाय जमिनीवर पूर्ण, नाही पोचले तर पाट. उजवी बाजू लुळी आहे ना, तिकडे ते कलतात, म्हणून त्या बगलेत टॉवेलची गुंडाळी लाव आणि उजवा हात उशीवर समोर ठेव, लोंबू देऊ नकोस. खुर्चीत बसवणं जमलं नाही एखाद्या दिवशी, तर पलंगाचा डोक्याकडचा भाग पूर्ण उचल, उशा डोक्याखाली नाही तर कमरेपासून पाठीमागे लाव आणि एक उशी गुडघ्याखाली, म्हणजे खाली घसरणार नाहीत. डोक्याखाली उशांचा ढीग केला की पाठ आडवीच राहते आणि नुसती मान मुडपते.

तू उभी राहून भरवत होतीस. त्यामुळे तुझ्याकडे बघायला ते मान वर करतात. स्टूल घेऊन त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत बस. टीव्ही बंद. घास डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला ठेव. लहान चमचा, तोही अर्धा. हनुवटी छातीकडे किती झुकवायची, की मान लुळ्या बाजूला वळवून गिळायचं, हे स्पीच थेरपिस्टने बघून सांगितल्याशिवाय करू नकोस. काहींना त्याने फायदा होतो आणि काहींना उलटा त्रास.

आणि एक गोष्ट माझ्यासमोर तू करून बघावीस असं मला वाटतं. तुझं पहिलं बोट त्यांच्या हनुवटीखाली आणि मधलं बोट कंठमण्यावर हलकंच टेकव, दाबायचं नाही. घास दिला की कंठमणी वर चढतो आणि खाली उतरतो, बोटाला स्पष्ट लागतं. तो चढलाच नाही तर घास अजून तोंडात आहे, दुसरा चमचा द्यायचा नाही. चढून उतरल्यावरही पुन्हा एकदा कोरडं गिळायला सांग, कारण लुळ्या घशात थोडं मागे उरतं. मग म्हण, "आ म्हणा." आवाज स्वच्छ आला तर पुढचा घास. ओला आला तर "खाकरा, पुन्हा गिळा" म्हण, आणि तरीही ओलाच राहिला तर त्या वेळचं जेवण तिथंच संपलं. ताटात किती उरलं ते बघू नकोस.

आता वाटीत काय आहे ते. सगळ्यांत अवघड पदार्थ कोणता असं विचारलं तर घरातले सगळे भाकरी म्हणतील. खरं म्हणजे पाणी. पाणी जिभेवर थांबत नाही, धावतं, आणि उशिरा पडणाऱ्या फाटकाच्या आधीच पलीकडे पोचतं. चहा तसाच. आणि पाण्यापेक्षाही कठीण म्हणजे पातळ आणि घट्ट एकत्र. तोंडाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात, भात चावायचा आणि तोवर पाणी धरून ठेवायचं. बासी नेमकी तीच आहे, पाण्यात सुटे भाताचे दाणे. पातळ आमटी-भात तसाच, चहात बुडवलेलं बिस्किट तसंच, संत्र्याची फोड तशीच, आणि पाण्यासोबत गोळीसुद्धा. पोहे, फुटाणे सुटे होऊन घशात पसरतात. साबुदाणा चिकटतो. आइस्क्रीम घट्ट दिसतं पण तोंडात वितळून पाणीच होतं.

डॉक्टर काय ते सांगेपर्यंत हे सगळं थांबव. गोळ्यांचंही आज विचार. केळ्याच्या कुस्करीत कुटून देता येतात काही, पण थर दिलेल्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर औषध बिघडतं, म्हणून एकेक गोळी दाखवून विचार. आणि कुणी नाकात-तोंडात तेल-तूप सोडायला सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस. तेल छातीत उतरलं तर खोकला न येता फुप्फुसात बसतं आणि तिथं सूज आणतं.

बहुतेक तुला एकसंध, मऊ आणि घट्टसर द्यायला सांगतील. गुरगुट्या भात वरणात घोटून चाळणीतून काढलेला, नाचणीचं सत्त्व, दह्यात कुस्करलेलं केळं, दुधीची घोटलेली भाजी. चमचा तिरका केला की गोळा एकदम सुटून पडावा, चमच्याला चिकटून बसू नये आणि धारही लागू नये. पाणी किती घट्ट करायचं ते ठरवून देतात, आणि घरी मापायची एक सोपी रीत आहे जी जगभर वापरतात. दहा एमएलची सुई नसलेली सिरिंज घ्यायची, दांडा काढून टाकायचा, खाली बोट लावून दहापर्यंत भरायची आणि बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायची. एक ते चार एमएल उरलं तर अगदी किंचित घट्ट, चार ते आठ उरलं तर थोडं घट्ट, आठच्या वर उरलं तर मध्यम, काहीच वाहिलं नाही तर चमच्याने खाण्याइतकं. सिरिंजवरचं शून्य ते दहाचं अंतर साडेएकसष्ट मिलिमीटर असायला हवं, सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं, पट्टी लावून बघ.

इथं माझी एक चूक तुला सांगते. लेकाची पेज मी अगदी मापून करायचे, तरी वाटी संपत आली की त्याला खोकला यायचा. दमतो म्हणून येतो असं वाटायचं. एक दिवस उरलेली पेज पाहिली तर पाण्यासारखी. वरून घातलेलं पाणी नव्हतं ते. चमचा त्याच्या तोंडातून पुन्हा वाटीत जायचा, लाळ लागायची, आणि लाळ पिठूळ पदार्थ फोडते. तांदूळ, नाचणी, आरारूट, कॉर्नफ्लोअर, सगळ्यांचं हेच. सुरुवातीला घट्ट असलेली पेज वीस मिनिटांत पातळ झालेली असायची. तेव्हापासून मी मोठ्या वाटीतून दोन-दोन चमचे छोट्या वाटीत काढून घेते आणि भरवायचा चमचा मोठ्या वाटीत जाऊ देत नाही. औषधाच्या दुकानात घट्ट करायची पावडर मिळते, तिच्यातली झँथन गमची असेल ती लाळेने फुटत नाही. महाग आहे, पण पाण्यापुरती ठेवायला हरकत नाही.

मात्र घट्ट म्हणजे सुरक्षित असं धरून आणखी घट्ट करत जाऊ नकोस. फार घट्ट घशात मागे साचतं. आणि घट्ट पाणी कुणालाच आवडत नाही, माणूस कमी पितो. भिलाईच्या मे महिन्यात ते परवडणार नाही. लघवी कमी झाली, गडद झाली, जीभ कोरडी पडली तर डॉक्टरांना कळव.

तोंडाची स्वच्छताही भरवण्याइतकीच महत्त्वाची. लाळ झोपेतही छातीत उतरते, आणि तोंडात जितके जंतू तितका न्यूमोनियाचा धोका. काल जेवणानंतर मी मामंजींच्या उजव्या गालात पाहिलं, भाताचा गोळा तसाच होता. त्यांना तो जाणवतच नाही. जेवणाआधी आणि नंतर मऊ ब्रशने दात, जीभ, गाल, हिरड्या. ब्रश थोडा ओला, पाणी पिळून काढलेला, चूळ भरायला लावू नकोस. कवळी रात्री काढून धुऊन ठेव. जेवण झालं की अर्धा तास तरी तसंच बसवून ठेव, लगेच आडवं करू नकोस.

आज दवाखान्यात स्पष्ट शब्दांत विचार, "यांच्या गिळण्याची तपासणी झाली आहे का?" छातीचं औषध देऊन घरी पाठवतील, तेवढ्यावर येऊ नकोस. सेक्टर ९ च्या हॉस्पिटलमध्ये किंवा रायपूरच्या एम्समध्ये नाक-कान-घसा विभागात चौकशी कर. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघतात, किंवा बेरियम मिसळलेला घास देऊन चालता एक्स-रे काढतात. मुक्या उतरण्याचा छडा याच दोन तपासण्यांनी लागतो, बाहेरून बघून नाही. आणि काही दिवसांसाठी नाकातून नळी घालायला सांगितली तर रडू नकोस. छाती बरी होईतो पोट भरतं तिनं, आणि घसा सुधारला की निघते. नळीनेही भरवताना डोक्याकडचा भाग तीस ते पंचेचाळीस अंश वर हवा, कारण पोटातलं उलटून छातीत जाऊ शकतं आणि लाळ तर जातेच. महिनाभरानंतरही लागलीच तर पोटातून नळीचा विचार करतात.

एखादा घास खरोखर अडकला तर काय करायचं तेही वाचून ठेव. खोकत असतील, आवाज निघत असेल, तर खोकू दे, पाणी पाजू नकोस, पाठीवर थापट्या मारू नकोस, पुढे वाकव. आवाजच निघत नसेल, हात गळ्याशी जात असतील, चेहरा काळानिळा पडत असेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरदार फटके, तरी निघालं नाही तर मागून कवळून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके, आणि हे आलटून पालटून. दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ लावायला सांग. शुद्ध गेली तर छातीवर दाब द्यायला सुरुवात.

आजपासून एका वहीत दोन वेळचं तापमान लिही, सकाळी आणि संध्याकाळी, आणि प्रत्येक जेवणाला किती मिनिटं लागली, "आ" कसा आला, ते. आठवड्याला वजन. ही वही डॉक्टरांसमोर ठेव. रविवारी मी येते, येताना सिरिंज आणि सपाट चमचा आणते, तुझ्यासमोर एक जेवण भरवून दाखवते. पण तोवर श्वास नेहमीपेक्षा जोरात चालला, ओठ निळसर दिसले, किंवा मामंजी विनाकारण गुंगीत, गोंधळलेले वाटले, तर ताप आहे का ते बघत बसू नकोस. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, मला न विचारता आधी १०८ लाव, मग मला फोन कर.